मेलला जोडून आलेले स्कॅन केलेले कागद ओसीआरने वाचून वेगळे लावणे: ट्रान्सपोर्ट ऑफिससाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नागपूरच्या वाडी, कळमना, बुटीबोरी आणि हिंगणा भागातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांसाठी आहे. अशा ऑफिसात दिवसभर मेल येत राहतात. ड्रायव्हर, पंपवाला, माल उतरवणारी पार्टी, काट्यावरचा मुलगा असे सगळे कागदाचा फोटो काढून पाठवतात. विषयाची जागा बहुतेक वेळा कोरी असते, आणि फाइलचं नाव `IMG_0412.jpg` किंवा `Scan001.pdf` असतं. त्यामुळे आत बिल्टी आहे, काटा पावती आहे की डिझेलचं बिल, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. ते उघडून पाहण्याचं काम मशीनकडून कसं करून घ्यायचं, याबद्दल मला विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मेलमध्ये शोध सुविधा असतेच. मग ओसीआर कशाला?

मेलचा शोध आणि मेलचे नियम अक्षरांवर चालतात. पाठवणाऱ्याचा पत्ता, विषय, मजकूर, फाइलचं नाव हे सगळं मेल सर्व्हरला दिसतं. फोटो मात्र त्याच्यासाठी नुसते रंगाचे ठिपके असतात. ‘विषयात बिल्टी असेल तर अमुक फोल्डर’ असा नियम लावता येतो, पण विषयच कोरा असेल तर त्या नियमाला धरायला काही उरत नाही. ओसीआर त्या ठिपक्यांतून अक्षरं काढून देतं, आणि त्या अक्षरांवर मग आपले नियम लावता येतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. कागद वेगळे लावायला तो पूर्ण आणि अचूक वाचला जाण्याची गरज नसते. कागद कशाचा आहे हे सांगणाऱ्या दोन-तीन खुणा नक्की सापडल्या की पुरे. अर्धा मजकूर चुकीचा वाचला गेला, तरी ‘Gross’, ‘Tare’ आणि ‘Net’ हे तिन्ही शब्द सापडले तर ती काटा पावतीच. पुढची सगळी उत्तरं याच गोष्टीवर उभी आहेत.

आलेल्या प्रत्येक पीडीएफवर ओसीआर चालवायचं का?

नाही. कॉम्प्युटरवरून थेट बनलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं आधीच असतात. तिथे ओसीआर केलं तर वेळ जातो आणि चांगल्या मजकुराच्या जागी चुकांचा मजकूर येतो. म्हणून आधी ही कमांड चालवून पाहा:

```
pdftotext -layout bill.pdf - | head -30
```

मजकूर नीट दिसला तर तोच वापरा. काहीच आलं नाही तर पीडीएफच्या आत नुसतं चित्र आहे, त्याला ओसीआर लागेल.

आपल्याकडे तिसरा प्रकारही भरपूर दिसतो. मजकूर निघतो, पण तो ‘egkjk"Vª’ अशा धर्तीचा असतो. तो कागद कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. डोळ्यांना देवनागरी दिसते आणि फाइलच्या आत रोमन अक्षरं व चिन्हं बसलेली असतात. सरकारी पत्रं, बाजार समितीचे कागद, जुन्या छापखान्यातून आलेली पत्रकं यांत हे सर्रास आढळतं. अशा वेळी ‘मजकूर आहे, ओसीआर नको’ हा नियम फसतो. त्यावर सोपी परीक्षा अशी: निघालेल्या मजकुरात आपल्या कामाचा एकही नेहमीचा शब्द किंवा नंबर नसेल, तर आतला मजकूर बाजूला ठेवून पानाचं चित्र बनवा आणि त्यावर ओसीआर करा.

```
pdftoppm -r 300 -gray -png bill.pdf page
```

मेलमधून चित्रं काढताना काय बघायचं?

पहिली अडचण सहीखालच्या लोगोंची. मोठ्या कंपनीच्या मेलमध्ये शेवटी लोगो, फोनचं चिन्ह, सणाच्या शुभेच्छांचं चित्र असं चार-पाच वस्तूंचं गाठोडं असतं, आणि मेलच्या रचनेत तीही चित्रंच असतात. ‘मजकुराच्या आत बसवलेली चित्रं सोडून द्या’ हा नियम आकर्षक वाटतो, पण तो लावू नका. अनेक फोनवरून पाठवलेला बिल्टीचा फोटोही मजकुराच्या आतच बसलेला येतो, आणि तो गाळला गेला तर कोणाला कळणारही नाही. गाळणी आकारावर लावा. ज्या चित्राची लांब बाजू ६०० पिक्सेलपेक्षा कमी आहे त्यात वाचण्याजोगा कागद जवळपास कधीच नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फाइलचा प्रकार नावावरून ठरवायचा नाही. काही मेल प्रोग्रॅम फोटोला `application/octet-stream` असा मोघम प्रकार लावून पाठवतात. आयफोनवरून `HEIC` येतं. आउटलुकवरून कधी `winmail.dat` नावाचं एक बंद पाकीट येतं आणि खरा कागद त्याच्या आत असतो. लिनक्सवरची `file` कमांड फाइलचे सुरुवातीचे बाइट पाहून खरा प्रकार सांगते, तिच्यावर विसंबा.

फोटो साफ दिसतो, तरी ओसीआर कचरा देतं. का?

बहुतेक वेळा कारण एकच असतं: अक्षरं लहान आहेत. डोळा अंदाजाने वाचतो, ओसीआरला ठिपके लागतात. ए-फोर कागदाची लांब बाजू ११.६९ इंच. तो फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरून मेलमध्ये आला असेल आणि त्याची लांब बाजू १६०० पिक्सेल उरली असेल, तर इंचाला १३७ ठिपके पडले. नऊ पॉइंटचं छापील अक्षर त्यात मात्रा-वेलांटी धरून जेमतेम १७ ठिपके उंच येतं. मूळ स्कॅन ३०० डीपीआयचा असता तर तेच अक्षर ३७ ठिपके उंच असतं. रोमन मोठी अक्षरं १७ ठिपक्यांत कशीबशी निभावून जातात. देवनागरीत मात्र शिरोरेखेवरचा अनुस्वार, खालचा उकार आणि मधलं जोडाक्षर हे सगळं त्याच १७ ठिपक्यांत कोंबलेलं असतं, म्हणून मराठी मजकूर आधी बिघडतो.

चित्र दुप्पट मोठं करून थोडा फायदा होतो, पण नसलेला तपशील त्यातून येत नाही. खरा उपाय पाठवणाऱ्याकडे आहे. ड्रायव्हरला एवढंच सांगा की फोटो व्हॉट्सअॅपवरून घेऊन पुढे ढकलू नका, फोनच्या कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल थेट मेलला जोडा. मी पाहिलेल्या ऑफिसांत कुठल्याही सॉफ्टवेअर बदलापेक्षा या एका सूचनेने जास्त फरक पडला आहे.

त्यानंतर चित्र सरळ करणं. आडवा काढलेला फोटो, तिरका ठेवलेला कागद, स्टेअरिंगची सावली. इमेजमॅजिकची एवढी कमांड पुष्कळ कामं करते:

```
convert in.jpg -auto-orient -colorspace Gray -deskew 40% -resize 200% out.png
```

शेवटचं मोठं करणं फक्त लहान चित्रांना लावा. मूळ फोटो १२ मेगापिक्सेलचा असेल तर ते नुसतं ओझं होतं.

काटा पावतीबद्दल इथेच सांगतो. ती पुष्कळदा थर्मल कागदावर असते आणि थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो. छपाई होते तीच उष्णतेने. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात ट्रकच्या डॅशबोर्डवर, काचेखाली पडलेली पावती संध्याकाळपर्यंत करडी होते आणि अक्षरं पार्श्वभूमीत मिसळतात. तिथून पुढे कुठलंही सॉफ्टवेअर फार काही परत आणत नाही. पावती हातात पडताच, काट्यावरच फोटो काढायची सवय लावणं हाच इलाज आहे.

कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं आणि भाषा कोणती निवडायची?

टेसरॅक्ट हे मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर या कामाला पुरतं. एचपी कंपनीत १९८५ च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं, २००५ मध्ये ते खुलं झालं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत त्याला न्यूरल नेटवर्कचं नवं इंजिन मिळालं. देवनागरीसाठी चौथी किंवा त्यानंतरचीच आवृत्ती घ्या. मराठीची फाइल वेगळी बसवावी लागते:

```
sudo apt install tesseract-ocr tesseract-ocr-mar tesseract-ocr-hin
tesseract out.png page -l eng+mar --psm 6 txt tsv
```

भाषा निवडताना ‘सगळ्याच टाकून देऊ’ असं करू नका. भाषा जितक्या जास्त, तितका वेळ जास्त, आणि एका लिपीतला आकडा दुसऱ्या लिपीतलं अक्षर म्हणून वाचला जाण्याची शक्यताही जास्त. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने दोन्ही एकदम लावून फारसं काही मिळत नाही. आपल्या कागदांवर खुणेचे बहुतेक शब्द आणि नंबर रोमनमध्येच छापलेले असतात. म्हणून पहिली फेरी फक्त `eng` वर करा. खुणा सापडल्या नाहीत तरच `eng+mar` ची दुसरी फेरी.

`--psm` हा पर्याय पानाची मांडणी सांगतो. काटा पावतीसारख्या एकसंध ओळींच्या कागदाला ६ चांगला. बिल्टीत चौकटी आणि विखुरलेले शब्द असतात, तिथे ११ वापरून पाहा. `tsv` मागितलं की प्रत्येक शब्दासोबत त्याची पानावरची जागा आणि शून्य ते शंभर असा खात्रीचा आकडाही मिळतो.

वर्गवारी नेमकी कशी ठरवायची?

इथे खरं डोकं लावायचं असतं. ‘बिल’ हा शब्द सापडला म्हणून बिलांच्या फोल्डरमध्ये, असा नियम चालत नाही. बिल्टीवर ई-वे बिलाचा नंबर असतो, डिझेलच्या बिलावर गाडी नंबर असतो, आणि पार्टीच्या टॅक्स इन्व्हॉइसवर ट्रान्सपोर्टरचं नाव असतं. एकच शब्द चार प्रकारच्या कागदांवर आढळतो. म्हणून शब्दांकडे कमी आणि ज्यांना स्वतःचा साचा आहे अशा नंबरांकडे जास्त लक्ष द्या.

गाडी नंबर हा त्यातला पहिला. दोन अक्षरं, दोन आकडे, एक किंवा दोन अक्षरं, चार आकडे. नागपूर शहर ३१, ग्रामीण ४०, पूर्व नागपूर ४९. ओसीआर शून्याचा `O` करतं, एकाचा `I`, आठाचा `B`, पाचाचा `S`. पण कोणत्या जागी आकडा हवा हे आपल्याला आधीच माहीत आहे, त्यामुळे त्या जागी अक्षर आलं तर बिनधास्त बदलता येतं. उलट दिशेनेही तसंच.

दुसरा जीएसटी नंबर, एकूण पंधरा जागांचा. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राला २७. पुढचे दहा पॅन. शेवटची जागा पडताळणीची, म्हणजे आधीच्या चौदा जागांवरून ती गणिताने ठरते. याचा उपयोग फार मोठा आहे: ओसीआरने एखादी जागा चुकीची वाचली तर गणित जुळत नाही आणि चूक तिथेच उघडी पडते.

```python
ABC = "0123456789ABCDEFGHIJKLMNOPQRSTUVWXYZ"

def gstin_ok(s):
    t = 0
    for i, c in enumerate(s[:14]):
        p = ABC.index(c) * (1 + i % 2)
        t += p // 36 + p % 36
    return len(s) == 15 and ABC[-t % 36] == s[14]
```

नमुन्यासाठी बनवलेला `27AAAAA0000A1Z2` घ्या. बेरीज १४२ येते, ३६ ने भागून बाकी ३४, आणि ३६ पूर्ण व्हायला २ कमी. म्हणून शेवटचा आकडा २. यातलं एखादं शून्य `O` वाचलं गेलं की निकाल चुकीचा येतो. मग पॅनच्या साच्याप्रमाणे, पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, अशी दुरुस्ती करून परत तपासा. जुळला तर नंबर खरा धरायला हरकत नाही. एक लक्षात ठेवा: तुमचा स्वतःचा जीएसटी नंबर तुमच्या प्रत्येक बिल्टीवर असणार. पार्टी ओळखताना तो वगळा, नाहीतर सगळे कागद तुमच्याच नावाच्या फोल्डरमध्ये जमा होतील.

ई-वे बिलावर क्यूआर आणि बारकोड छापलेला असतो. तो आधी वाचून पाहा, ओसीआर नंतर. बारकोड एकतर बरोबर वाचला जातो किंवा वाचलाच जात नाही. अर्धवट चूक तिथे क्वचितच होते.

```
zbarimg -q --raw page.png
```

एखादा कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवाल का?

विषय कोरा, सोबत दोन चित्रं. पहिलं २०० पिक्सेलचा लोगो, तो आकारावर गळाला. दुसरं १२०० बाय १६०० चा फोटो. सरळ केला, दुप्पट केला, `--psm 6` ने वाचला, आणि हातात हे आलं:

```
DHARAM KANT4
Vehlcle No : MH4O AA OOOO
Gross Wt : 25640 Kg
Tare Wt  :  9380 Kg
Net Wt   : 16250 Kg
```

पहिल्या ओळीतला ‘काटा’ बिघडला आहे, ‘व्हेइकल’ही चुकलं आहे. पण `Gross`, `Tare`, `Net` तिन्ही आहेत आणि `Kg` तीनदा आहे. प्रकार ठरला: काटा पावती. यात शंका घ्यायला जागा नाही.

गाडी नंबर `MH4OAAOOOO`. साचा लावला, आकड्यांच्या जागचे `O` शून्य केले, `MH40AA0000` मिळाला. (नमुना म्हणून असा नंबर घेतला आहे, अशी गाडी रस्त्यावर नाही.) हा नंबर आणि मेलची तारीख ऑफिसच्या ट्रिप रजिस्टरशी जुळवली की कागद कोणत्या ट्रिपचा ते कळतं. रजिस्टरात त्या दिवसाच्या आसपास ती गाडी नसेल, तर नंबर चुकीचा वाचला गेला असं समजून कागद माणसाकडे पाठवायचा.

आता वजन. २५,६४० वजा ९,३८० म्हणजे १६,२६०. कागदावर वाचलं गेलं १६,२५०. तीनपैकी एक आकडा चुकला आहे. मोठं न केलेल्या चित्रावर दुसऱ्यांदा वाचून बघितलं, तिथे १६,२६० आलं आणि वजाबाकी जुळली. जुळली नसती तरी पावती योग्य फोल्डरमध्येच गेली असती, फक्त तिच्यावर ‘वजन तपासा’ अशी खूण लागली असती.

हा फरक प्रत्येक ऑफिसने सांभाळावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. कागद कोणत्या गठ्ठ्यात जाईल हे ओसीआरच्या भरवशावर सोडता येतं. किती किलोचे पैसे द्यायचे हे सोडता येत नाही. पहिल्यात चूक झाली तर कागद शोधावा लागतो, दुसऱ्यात झाली तर ड्रायव्हरचं किंवा पार्टीचं नुकसान होतं.

बिल्टी आणि पोच यांत गल्लत होते. उपाय?

होणारच, कारण दोन्हीवर छापील मजकूर तोच असतो. माल निघताना पाठवलेली बिल्टी आणि माल पोचल्यावर सही-शिक्का होऊन आलेली पोच हा एकाच नमुन्याचा कागद असतो. अक्षरांत फरक नाही, म्हणून अक्षरं वाचून तो सापडत नाही. फरक आहे शिक्क्यात.

म्हणून इथे मजकूर सोडून रंगाकडे वळायचं. रबरी शिक्का बहुतेक वेळा निळा किंवा जांभळा असतो. `tsv` मधून ‘Receiver’ किंवा ‘माल घेणाऱ्याची सही’ या छापील शब्दांची जागा मिळते. तेवढ्याच चौकटीत निळे-जांभळे ठिपके किती आहेत ते मोजा. पूर्ण पानावर मोजू नका, कारण पुष्कळ बिल्ट्यांचं शीर्षकच निळ्या शाईत छापलेलं असतं. किती ठिपक्यांना शिक्का म्हणायचं ही मर्यादा तुमच्या जुन्या पन्नासेक पोचांवरून ठरवा; प्रत्येक छापखान्याचा कागद वेगळा, त्यामुळे बाहेरून दिलेला आकडा उपयोगाचा नाही.

काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलेली पोच या पद्धतीने ओळखता येत नाही. ती माणसाकडे जाऊ द्या. पोच आल्याशिवाय भाड्याचं बिल लागत नाही, त्यामुळे इथे अंदाजाला जागा नाही.

शिक्का मजकुरावरच बसला असेल आणि मजकूर वाचायचा असेल तर चित्राचा फक्त निळा भाग घ्या. त्यात निळी शाई फिकी होते आणि काळी अक्षरं काळीच राहतात. कार्बन कॉपीची गोष्ट उलटी: तिथे अक्षरंच निळी असतात, म्हणून लाल भाग घ्यायचा, त्यात निळं गडद होतं.

```
convert in.jpg -channel B -separate blue.png
convert in.jpg -channel R -separate red.png
```

हाताने लिहिलेलं वाचता येईल का?

टेसरॅक्टला नाही. ते छापील अक्षरांसाठी आहे. बिल्टीत पार्टीचं नाव, नग, मालाचं वर्णन पेनने भरलेलं असेल तर ते सोडून द्या आणि छापील भागावर प्रकार ठरवा. आधीच छापून आलेला लाल अनुक्रमांक मात्र पुष्कळदा नीट वाचला जातो, आणि बुकातला तो नंबर मिळाला तर पार्टी, माल, ट्रिप सगळं ऑफिसच्या नोंदीतून काढता येतं.

बारा आकडी नंबर म्हणजे ई-वे बिल, हा नियम चालेल?

चालणार नाही, आणि हा नियम धोकादायक आहे. ई-वे बिलाचा नंबर बारा आकडी असतो. आधारही बारा आकडी असतो. पुढे ९१ लावलेला मोबाइल नंबरसुद्धा बारा आकडीच. ड्रायव्हरची कागदपत्रं याच मेलवर येत असतील, तर नुसते बारा आकडे पाहून त्याचं आधार कार्ड ई-वे बिलांच्या फोल्डरमध्ये जाईल, आणि तो फोल्डर कदाचित पार्टीलाही उघडा असेल.

नंबराच्या जवळ ‘E-Way’ किंवा ‘ई-वे’ हा शब्द हवाच, किंवा बारकोड वाचला गेलेला हवा. दुसरीकडे ‘आधार’, ‘Aadhaar’, ‘Driving Licence’ यांपैकी काही दिसलं तर बाकी कोणतीही खूण न पाहता कागद बंद फोल्डरमध्ये टाका आणि त्याचा ओसीआर मजकूर साठवूच नका. हा नियम सगळ्या नियमांच्या आधी चालला पाहिजे.

मराठी शब्द डोळ्यांना बरोबर दिसतो, पण नियमात जुळत नाही. असं का?

एकच दिसणारा शब्द आत वेगवेगळ्या पद्धतीने साठवलेला असू शकतो. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. जोडाक्षरांत न दिसणारी जोडखूण `U+200D` कुठे असते, कुठे नसते. नुक्त्याचं तसंच. म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर युनिकोडच्या `NFC` रूपात आणा, `U+200C` आणि `U+200D` काढून टाका, ‘ऱ’ चा साधा ‘र’ करा, देवनागरी आकडे रोमन करा.

त्यानंतरही घ-ध, भ-म, व-ब अशा जोड्यांत अदलाबदल राहतेच, विशेषतः शिरोरेखा तुटली असेल तर. लांब शब्दात एखाद्या अक्षराची चूक माफ करा, पण ‘काटा’ किंवा ‘भाडे’ यासारख्या छोट्या शब्दाला ती सूट देऊ नका. दोन अक्षरी शब्दात एक अक्षर सोडलं की तो काहीही होऊ शकतो.

एका मेलमध्ये तीन वेगळे कागद असतील तर मेल कुठे जाणार?

मेल हलवू नका, त्यावर खुणा लावा. जीमेलमध्ये एका मेलला कितीही लेबलं लागतात, त्यामुळे ‘बिल्टी’ आणि ‘काटा’ दोन्ही लावता येतात. ज्या सर्व्हरवर फक्त फोल्डर आहेत तिथे मेल जिथल्या तिथे ठेवा आणि जोडलेले कागद वेगळे काढून ट्रिपच्या फोल्डरमध्ये ठेवा, नावात तारीख, गाडी नंबर आणि प्रकार घालून. मूळ मेल कधीही पुसायचा नाही. उद्या वाद झाला तर कोणी, कधी, काय पाठवलं याचा पुरावा तोच आहे.

हे सगळं मेल येता क्षणी सर्व्हरवर करू नका. एक पान वाचायला काही सेकंद लागतात आणि मोठी पीडीएफ आली तर मागची रांग अडते. मेल आधी इनबॉक्समध्ये येऊ द्या. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी आयमॅपने नवे मेल उचलेल, वाचेल आणि खूण लावेल. कोणता मेल झाला हे लक्षात ठेवायला प्रत्येक मेलचा `Message-ID` नोंदवून ठेवा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काही दोनदा होत नाही आणि काही सुटत नाही.

ऑनलाइन ओसीआर सेवा वापरली तर चालेल का?

त्या सेवा हस्ताक्षर आणि खराब फोटो टेसरॅक्टपेक्षा चांगलं वाचतात. पण कागद बाहेर जातो, आणि आपल्या मेलमध्ये ड्रायव्हरचं लायसन्स, आधार, पार्टीचे दर हे सगळं असतं. माझं मत स्पष्ट आहे: आधी आपल्याच मशीनवर वाचा. जे कागद वाचले गेले नाहीत आणि ज्यांत कोणाची व्यक्तिगत माहिती नाही, तेवढेच बाहेर पाठवायचा विचार करा, तोही पार्टीला विचारून.

हे नीट चाललं आहे हे कसं ओळखायचं?

सुरू करण्याआधी मागच्या महिन्यांतले दोनशे कागद काढा आणि मुनीमजींकडून हाताने लावून घ्या. त्यांत चांगले स्कॅन निवडून घेऊ नका, जसे आले तसे घ्या. मग प्रोग्रॅमला तेच कागद द्या आणि दोन आकडे वेगवेगळे लिहा: किती कागद चुकीच्या जागी गेले, आणि किती ‘कळलं नाही’ म्हणून बाजूला राहिले.

दोन्हींची बेरीज करून एकच टक्का काढू नका. बाजूला राहिलेला कागद कोणीतरी पाहणारच आहे. चुकीच्या जागी गेलेला कागद कोणी पाहत नाही, आणि पार्टीने पोच मागेपर्यंत तो हरवला आहे हेही कळत नाही. म्हणून सुरुवातीला नियम कडक ठेवा. दोनशेपैकी साठ बाजूला राहिले तरी चालतील, चुकीच्या जागी एकही जाऊ नये. मग रोज त्या बाजूच्या ढिगातून कोणत्या प्रकारचे कागद परत परत दिसतात ते पाहा, आणि एका वेळी एकाच प्रकारासाठी नवा नियम घाला. प्रत्येक नव्या नियमानंतर तेच दोनशे कागद परत चालवा. नव्या नियमाने जुनं काही बिघडलं तर ते त्याच दिवशी दिसेल.

नव्या पार्टीचा वेगळ्या नमुन्याचा कागद आला तर?

तो बाजूच्या ढिगात पडेल आणि तिथेच पडला पाहिजे. त्याचे तीन-चार नमुने जमू द्या, त्यांच्यावर दर वेळी सारखं छापलेलं काय आहे ते पाहा, आणि तेवढ्यावरच नियम बांधा. कंपनीच्या लोगोतलं नाव त्यासाठी घेऊ नका; नक्षीदार अक्षरं ओसीआर दर वेळी वेगळी वाचतं. रकान्यांची साधी छापील शीर्षकं आणि पार्टीचा जीएसटी नंबर, हे दोन धरा.

कॉम्प्युटर किती मोठा लागेल?

ऑफिसात टॅलीसाठी असलेला साधा, चार कोअरचा आणि आठ जीबी रॅमचा कॉम्प्युटर दिवसाच्या काही शे कागदांना पुरतो. दोन किंवा तीन पानं एकदम चालवायची असतील तर `OMP_THREAD_LIMIT=1` ठेवा, नाहीतर टेसरॅक्टची प्रत्येक प्रत सगळे कोअर मागते आणि सगळंच मंदावतं. उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, म्हणून त्याला यूपीएस असू द्या.